गणपती उठायच्या आत घराचं लिहून टाकूया

काका, आत्या, सगळे ओटीवर आहात, तोवर बोलतो. वर्षभरात आपण एवढे जण पुन्हा जमत नाही.

घरपत्रकावर अजून आजोबांचं नाव आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव असलं की मालकी झाली, असा आपला समज आहे. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आधी वारसनोंद करू, तीत आत्यांची नावंही येतील. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा जन्मसिद्ध हक्क मुलांइतकाच आहे. साडीचोळी देऊन तो मिटत नाही आणि मिटवूही नये.

धाकटे काका इथे राहतात, घर त्यांनी सांभाळावं हे सर्वांना मान्य आहे. पण सांभाळणं वेगळं, मालकी वेगळी. काकांच्या नावावर करायचं असेल तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. सामाईक ठेवायचं असेल तर कुटुंब व्यवस्थापत्र करू. त्यात देवघर कोणाचं, माजघर कोण वापरणार, कौलं शाकारायचा खर्च कोणत्या हिश्श्याने, विकायची वेळ आली तर आधी कोणाला विचारायचं, हे सगळं यावं. मागच्या पडवीचा वासा वाळवीने पोखरलाय, तो बदलायचे पैसे कोणी द्यायचे हेच ठरत नाही म्हणून तसाच आहे!

नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून ठेवू नका. हक्क देणारा दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. मुंबईकरांनी रजा वाढवा, उद्या सकाळी वकिलांकडे कच्चा मसुदा करायला बसू.