गोल मांडून मोजूया: १ ते ५
छोटा गट, पंचवटी, नाशिक. मुलं १६, वेळ २० मिनिटं, सकाळची प्रार्थना झाल्यावर.

आपल्या बहुतेक मुलांना दहापर्यंत आकडे तोंडपाठ आहेत. पण समोर चार वाट्या ठेवल्या की बोट एका वाटीवर आणि तोंड सातावर! म्हणून आज पुढचे आकडे नाहीत. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटी म्हटला तो आकडा म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, एवढंच आज पक्कं करायचं.

साहित्य: टोपली, ५ कांदे, ५ वाट्या, ५ चमचे, मुलांच्या चपला. द्राक्षं मोजायला घ्यायची नाहीत. हंगामात ती घरोघरी असतात, पण या वयात अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. चिंचोके, मणीही नकोत, ते नाकात जातात.

सुरुवात (३ मिनिटं): सतरंजीवर गोल. "पंचवटी म्हणजे किती वड?" पाच बोटं वर. एकेक बोट दुमडत मोजायचं.

गाणं (७ मिनिटं): टोपली मधोमध. प्रत्येक कडव्याला एक मूल उठून एक कांदा टाकेल. कांदा टोपलीत पडला की मगच पुढचा आकडा, घाई इथे अजिबात नको.

एक कांदा टोपलीत आला,
एकटा बसून कंटाळला.
हाक मारली त्यानं कुणाला?
दुसऱ्याला, दुसऱ्याला!

दोन, तीन, चार असंच. पाचव्याला:

पाच कांदे टोपलीत बसले,
दाटीवाटीनं खुदकन हसले!

लगेच विचारायचं, "टोपलीत किती कांदे?" काही जण पुन्हा एकपासून मोजतील. मोजू द्या. हळूहळू ती थेट "पाच" म्हणू लागतात, ते आपल्याकडून वदवून घ्यायचं नाही.

मग कांदे बाहेर काढून लांब लांब ठेवायचे. "आता किती?" कुणी "जास्त झाले" म्हणेल. "नाही" म्हणू नका, "चल, हात लावून बघू" म्हणा. मला पूर्ण तासातला हाच क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो.

वाटी-चमचा (६ मिनिटं): "प्रत्येक वाटीला एक चमचा दे." सुरुवातीला मुद्दाम ४ चमचे द्यायचे. कोणती वाटी उपाशी राहिली, ते मुलंच सांगतील. मग पाचवा चमचा. खिडकीजवळ बसणारा मुलगा अजून बोलत नाही. त्याला चमचे वाटायला द्या, आकडा आपण म्हणू.

शेवट (४ मिनिटं): दाराशी चपला. प्रत्येकानं आपल्या दोन आणायच्या, "एक, दोन" म्हणत पायात घालायच्या.

मदतनीस ताईंसाठी: कोणाचं बोट आकड्याच्या पुढे पळतं, त्यांची नावं वहीत टिपून ठेवा. उद्या त्या मुलांना तीनच कांदे देऊ.

पालकांना निरोप: रात्री ताटं मांडताना मुलाला सोबत घ्या. आजीचं एक, बाबांचं एक, असं म्हणत त्यालाच मांडू द्या.