सातवीचं पाठ टाचण: रांगोळीतली सममिती (गणित आणि चित्रकला एकत्र)

इयत्ता: ७ वी, पट ३६
वेळ: दोन जोडतासिका (प्रत्येकी ७० मिनिटं), शक्यतो दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात
शिक्षक: गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर, दोघंही पूर्णवेळ वर्गात

मुलांना आधीपासून काय येतं: घडी घालून किंवा आरसा ठेवून सममिती अक्ष शोधता येतो. कोनमापक वापरता येतो. आकृती फिरवूनही सममिती दिसते, हे मात्र बहुतेकांना नवीन असेल.

काय साधायचं आहे: आरशाची सममिती आणि फिरवण्याची म्हणजे घूर्णन सममिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना हाताने करून कळावं. ठिपके कसे मांडले आणि रंग कसे भरले यावर रांगोळीची सममिती ठरते, हे त्यांनी स्वतः तपासावं. सांगितलेल्या सममितीची रांगोळी गटाने जमिनीवर काढावी.

चित्रकलेचा तास हा गणिताला रंग चढवण्यासाठी घेतलेला नाही. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, मोकळी जागा किती ठेवायची, हे निर्णय सरांच्या देखरेखीखाली मुलंच घेतील आणि त्यांना तितकंच महत्त्व राहील.

साहित्य: पांढरी रांगोळी, चार रंग, गेरू, ट्रेसिंग पेपर, कोनमापक, टाचण्या, एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असलेला जाड कागद, कात्री. काचवाल्याकडून कापून आणलेल्या आरशाच्या सहा पट्ट्या, कडांना चिकटपट्टी लावून. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद कुणाच्या घरी असेल तर आवर्जून आणायला सांगावं. आजीच्या हातचा असा कागद म्हणजे मापात केलेलं कामच असतं.

पहिली जोडतासिका

*ठिपके (२० मिनिटं)*

फळ्यावर एकच प्रश्न लिहावा: १६ ठिपके किती प्रकारे मांडता येतील?

"४ ठिपके, ४ ओळी" हे उत्तर लगेच येतं. रांगोळी काढणारी एखादी मुलगी "४ ते १" असंही सांगेल: मधल्या ओळीत ४, मग वर आणि खाली ३, २, १, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. कुणी सांगितलं नाही तर आपण काढून दाखवावं. बेरीज मुलांनी करावी: १ + २ + ३ + ४ + ३ + २ + १ = १६. हीच बेरीज ५ पर्यंत आणि ६ पर्यंत करून पाहायला सांगावी. २५ आणि ३६ आले की वर्ग संख्या त्यांच्याच तोंडून येतील.

आता दोन्ही मांडण्या वहीत काढून, कापून घडी घालायची. चौकोनी मांडणीत ४ अक्ष सापडतात, "४ ते १" मध्ये फक्त २. ठिपके तितकेच आहेत, बदलली आहे ती मांडणी.

तिसरी मांडणी "५ ते ३": मधे ५, दोन्ही बाजूंना ४ आणि ३. एकूण १९ ठिपके, आकार षटकोनी, अक्ष ६. इथे माप चुकलं तर सगळंच बिघडतं. दोन ठिपक्यांत २ सेंमी ठेवले तर दोन ओळींत साधारण १.७ सेंमी हवेत, म्हणजे शेजारचे तिन्ही ठिपके एकमेकांपासून सारख्या अंतरावर येतात. मुलं डोळ्याच्या अंदाजाने ओळी जवळ घेतात आणि मग सहापैकी दोनच घड्या जुळतात. असा एखादा कागद मिळाला तर तो फळ्याजवळ लावून चर्चा करावी, कारण अंतर का मोजायचं हे त्यावरून चटकन पटतं. ओळींतलं अंतर बरोबर १ सेंमी केलं तर "४ ते १" चा समभुज चौकोन तिरका ठेवलेला चौरस होतो आणि त्याचे अक्ष २ वरून ४ होतात. हुशार मुलांना हे शोधायला द्यावं.

वहीत लिहायचं वाक्य: चौकोनी मांडणीवर नीट सहा पाकळ्यांचं फूल बसत नाही आणि त्रिकोणी मांडणीवर नीट चार पाकळ्यांचं. मुलांनी आधी प्रयत्न करून पाहावा, वाक्य नंतर लिहावं.

*कोयरी (३५ मिनिटं)*

पाठाचा गाभा हाच, म्हणून इथे घाई नको.

प्रत्येक गटाने लाल-पांढऱ्या कागदाच्या चार सारख्या कोयऱ्या कापायच्या. आधी एकच कोयरी घेऊन विचारावं: हिला अक्ष आहे का? आरसा कसाही ठेवला तरी जुळत नाही. साडीच्या काठावर, मेंदीत, रांगोळीत सगळीकडे दिसणाऱ्या या आकाराला स्वतःची एकही सममिती नाही. आपल्याला ती हवी आहे ती याचसाठी.

पहिली सूचना: मधे ठिपका काढा आणि चारही कोयऱ्या त्याच्याभोवती अशा लावा की प्रत्येकीचं टोक एकाच दिशेला वळलेलं असेल. सगळ्या कोयऱ्या लाल दिसतील.

ट्रेसिंग पेपरवर आकृती गिरवून मध्यावर टाचणी रोवायची आणि कागद फिरवायचा. ९०° ला जुळतं, मग १८०°, २७०°, ३६०°. एका पूर्ण फेरीत ४ वेळा जुळलं, म्हणून घूर्णन सममितीचा क्रम ४. आता आरसा ठेवून पाहायचा: कुठेच जुळत नाही, म्हणजे अक्ष शून्य.

दुसरी सूचना: दोन कोयऱ्या उलटून पांढरी बाजू वर करा आणि लाल, पांढरी, लाल, पांढरी अशा लावा. रंग सध्या विसरा, फक्त आकार पाहा. आता २ अक्ष मिळतात आणि क्रम ४ वरून २ वर येतो.

मग विचारावं: "पहिल्या वेळी पांढरी बाजू एकदाही वर का आली नाही?"

उत्तर मुलांकडून येईपर्यंत थांबावं. साधारण असा संवाद अपेक्षित आहे:

"बाई, आपण नुसती फिरवली."
"मग दुसऱ्या वेळी?"
"पालथी घातली."
"फिरवून फिरवून कोयरीची पांढरी बाजू वर आणता येईल?"
"नाही, कितीही फिरवली तरी नाही येणार."

घूर्णन आणि परावर्तन यांतला फरक इथे कागदाच्या रंगातूनच दिसतो. व्याख्या यानंतरच फळ्यावर लिहावी.

लगेच फळ्यावर स्वस्तिक आणि अष्टदल कमळ काढावं. स्वस्तिक: क्रम ४, अक्ष शून्य, आरशात त्याचे हात उलट दिशेला वळलेले दिसतात. कमळ: क्रम ८, अक्ष ८, घूर्णन कोन ३६०° ÷ ८ = ४५°. कमळाचा सगळ्यात लहान तुकडा कोणता, ज्यावरून पूर्ण कमळ काढता येईल, हेही विचारावं. एक पाकळी हे उत्तर येईल. खरं तर अर्धी पाकळी पुरते, कारण आरसा उरलेली अर्धी देतो.

*रंग (१५ मिनिटं)*

सहा पाकळ्यांच्या फुलाचे तीन छापील नमुने प्रत्येकाला द्यावेत. पहिल्यात एकच रंग: क्रम ६, अक्ष ६. दुसऱ्यात लाल आणि पिवळा आलटून पालटून: क्रम ३, अक्ष ३. तिसऱ्यात लाल, पिवळा, हिरवा, पुन्हा लाल, पिवळा, हिरवा: क्रम २, आणि अक्ष एकही नाही. तिसरं उत्तर मुलांना आधी खोटं वाटतं. आरसा लाल पाकळीवर ठेवून एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी आहे हे त्यांनाच पाहू द्यावं.

गृहपाठ: १२ पाकळ्यांच्या फुलात प्रत्येक रंग सारख्या पाकळ्यांना यावा आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा यावा, तर किती रंग वापरता येतील? (२, ३, ४, ६ किंवा १२. विभाजक आठवायला हवेत. ३ रंग घेतले तर फूल ९०° ला जुळतं.)

दुसरी जोडतासिका: व्हरांड्यात

आदल्या संध्याकाळी सहा चौकोन गेरूने सारवून ठेवावेत, रांगोळी उठून दिसते. सुरुवातीची १० मिनिटं सर चिमूट दाखवतील: अंगठा आणि पहिलं बोट, हात जमिनीपासून थोडा वर, मनगट सैल. हात सावकाश फिरला की रेघ जाड होते, भरभर फिरला की बारीक. बाहेरची रेघ जाड आणि आतली बारीक ठेवली तर सममिती लांबूनही वाचता येते.

प्रत्येक गटाला एक बंद चिठ्ठी:

१. क्रम ४, अक्ष ४
२. क्रम ४, अक्ष नाही
३. क्रम ६, अक्ष ६
४. क्रम ६, अक्ष नाही
५. फक्त एक अक्ष
६. रेषांत ६ अक्ष, पण रंग भरल्यावर ३

ठिपक्यांची कोणती मांडणी घ्यायची हे गटानेच ठरवायचं. तिसऱ्या आणि चौथ्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला ६०° चा एक भाग. पहिल्याने रेघ काढली की पुढच्याने तीच आपल्या भागात काढायची. पाचवी चिठ्ठी सोपी वाटते, पण हात सवयीने चारी बाजूंना सारखं काढत जातो. समई, मोर किंवा समोरासमोर दोन कोयऱ्या अशी सूचना अडल्यावरच द्यावी.

काढायला ३५ मिनिटं. नंतर सगळे गट फिरून दुसऱ्यांच्या रांगोळ्यांच्या चिठ्ठ्या ओळखतील आणि कारणासह कृतिपत्रिकेत लिहितील. "छान आहे" हे कारण धरू नये. "९०° ला फिरवली तर जुळते, पण आरशात पाकळी उलट वळते" हे धरावं.

शेवटची १० मिनिटं चैत्रांगणाच्या चित्रावर. चैत्रगौरीच्या महिन्यात काढल्या जाणाऱ्या या रांगोळीत गोपद्म, शंख, कासव, स्वस्तिक, पावलं असे सममित आणि असममित आकार शेजारी शेजारी असतात. एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र असल्यामुळे पूर्ण रांगोळी आरशात जुळत नाही, तरी डोळ्यांना तोल जाणवतो. हा तोल कशामुळे, हा प्रश्न सर विचारतील. याचं एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून गुण नाहीत.

मूल्यमापन (१० गुण)

चिठ्ठीप्रमाणे सममिती: ३. ठिपक्यांचं माप आणि मांडणी: २. दुसऱ्या गटांच्या रांगोळ्यांची कारणं: ३. रेघ आणि रंगसंगती: २. वळण सुंदर नसलं तरी पहिले तीन गुण पूर्ण मिळू शकतात, हे मुलांना आधीच सांगावं. मुलग्यांपैकी अनेकांनी रांगोळी कधी हातात घेतलेली नसते आणि तेवढ्यावरून त्यांनी मागे बसू नये.

वर्गात लक्षात ठेवायचं

काही मुलांच्या घरी रांगोळी काढली जात नाही. त्यांना घरातली फरशी, खिडकीची जाळी, दुपट्ट्याची किनार यांपैकी काहीही तपासून आणता येईल. सहापैकी एक नमुना तोच असावा. पूड फुंकू नये, डोळ्यांना हात लावू नये. धुळीचा त्रास असलेल्या मुलाने त्याच ठिपक्यांवर ओल्या खडूने काढावं. शाळा सुटल्यावर सहाव्या गटाच्या रांगोळीचा फोटो काढून ठेवावा, पुढच्या घटकात शेकडेवारी शिकवताना रंगांचं प्रमाण मोजायला तोच वापरायचा आहे.