बेसा साइट: आठ गोल कॉलमचा माल

विलासभाऊ,

व्हरांड्याच्या आठ गोल कॉलमचा हिशेब मांडून पाठवतो. ठेकेदार ४० पोती सिमेंट मागतो आहे; तेवढं लागत नाही.

ड्रॉइंगप्रमाणे कॉलमचा व्यास ४०० मिमी, म्हणजे ०.४० मीटर. उंची प्लिंथ बीमच्या माथ्यापासून वरच्या बीमच्या तळापर्यंत ३.६० मीटर. वरचा बीम आणि स्लॅब वेगळे मोजलेत, ते यात धरू नका. सळईची जागाही वजा करायची नसते. मोजणीची तीच रीत आहे.

एका कॉलमचं क्षेत्रफळ = ०.७८५४ × ०.४० × ०.४० = ०.१२५७ चौ.मी.
एका कॉलमचं काँक्रीट = ०.१२५७ × ३.६० = ०.४५२ घ.मी.
आठ कॉलमचं काँक्रीट = ३.६२ घ.मी.

०.७८५४ म्हणजे पायचा चौथा हिस्सा. ठेकेदाराने बहुतेक चौकोनी कॉलम धरला असावा. ०.४० × ०.४० च्या चौकोनाला ४.६१ घ.मी. काँक्रीट लागलं असतं आणि साधारण ३७ पोती सिमेंट. त्यावर थोडी नासाडी चढवली की झाली ४०. गोल कॉलमला चौकोनापेक्षा एकवीस-बावीस टक्के माल कमीच लागतो.

हे ३.६२ झालं ओतलेलं काँक्रीट. सुका माल जास्त घ्यावा लागतो, कारण गिट्टीच्या फटींत रेती बसते, रेतीच्या फटींत सिमेंट, आणि दाबल्यावर सगळं आक्रसतं. त्यासाठी १.५४ ने गुणायचं:

३.६२ × १.५४ = ५.५७ घ.मी. सुका माल

मिक्स एम-२०, प्रमाण १ : १.५ : ३. एकूण भाग साडेपाच.

सिमेंट = ५.५७ ÷ ५.५ = १.०१३ घ.मी. एका घनमीटरला १४४० किलो धरून १४५९ किलो, म्हणजे २९.२ पोती.
रेती = १.०१३ × १.५ = १.५२ घ.मी. = ५३.७ घनफूट
गिट्टी = १.०१३ × ३ = ३.०४ घ.मी. = १०७.४ घनफूट

१०० घनफुटांचा एक ब्रास, त्यामुळे रेती ०.५४ आणि गिट्टी १.०७ ब्रास. पण रेतीवाल्याला इतकंच सांगू नका. कन्हानची रेती ओली आली तर फुगलेली असते, वीस-पंचवीस टक्के सहज. वीस टक्के धरले तरी ६४ घनफूट होतात. मागवताना पाऊण ब्रास सांगा. गिट्टी ओली झाली तरी फुगत नाही, तिला सव्वा ब्रास पुरे. त्यात ६० टक्के २० मिमीची आणि उरलेली १० मिमीची. सिमेंट ३१ पोती आणा. ड्रमला चिकटतं, सांडतं, तेवढं यात निघून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेंट्रिंगवाल्याचे पत्र्याचे साचे येतील तेव्हा आतला व्यास स्वतः टेपने मोजा, दोन दिशांनी. साचा ४०० ऐवजी ४२५ चा निघाला तर फरक एक इंचाचा दिसतो, पण व्यासाचा वर्ग होतो, म्हणून माल तेरा टक्के वाढतो आणि सिमेंट ३३ पोत्यांवर जातं. उंचीत तेवढाच एक इंच चुकला तर टक्काभरही फरक पडत नाही. नंतर प्लास्टर करणार असाल तर त्याची जाडी वेगळी. ४०० हा काँक्रीटचाच व्यास आहे.

मिक्सरवाल्याला घमेल्याने माप टाकू देऊ नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. ३५ लिटरची पेटी करून घ्या, एक पोतं सिमेंट तेवढ्याच जागेचं असतं. एका पोत्याला दीड पेटी रेती, तीन पेट्या गिट्टी. रेती ओली असेल तर दीडऐवजी पावणेदोन-एक पेटी. पाणी पोत्यामागे २५ लिटर, पण ओल्या रेतीत आधीच पाणी असतं, ते त्यातूनच कमी करायचं. मिस्त्री "थोडं पातळ करू, उतरत नाही" म्हणेल. नाही करायचं. व्हायब्रेटर लावा.

एका कॉलमला साधारण ३.६५ पोती पडतात. साचे चारच आहेत, म्हणून दोन खेपांत काम होईल, एका खेपेला १५ पोती. वरून एकदम ३.६ मीटरवरून ओतू नका. दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडलं की गिट्टी वेगळी होते. साच्याला मध्ये खिडकी ठेवा किंवा पाइप लावून ओता. उन्हाळ्यात काम काढलंत तर सकाळी लवकर भरून घ्या. साचे काढल्याबरोबर गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं ठेवा, नागपूरच्या उन्हात दिवसातून एकदा पाणी मारून भागत नाही.

सिमेंट दोन खेपांत मागवा, पहिल्यांदा १६ पोती. पहिले चार कॉलम भरल्यावर किती पोती उरली ते मला कळवा, दुसरी खेप त्यावरून ठरवू.

प्रशांत