कोनाडा

"ताई, घराचा एक चांगलासा फोटो पाठव ना. माणसं नकोत, नुसतं घर."

मंजूच्या मुलाला शाळेत आईचं लहानपणीचं घर दाखवायचं होतं. सात वर्षांचं पोर, जन्म आइंडहोवनचा. त्यानं आमचं घर बघितलेलंच नाही. हातखंबा सोडून पालीकडं निघालं की डाव्या हाताला आमचं घर होतं, जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं. आता तिथून हायवेच्या चार लेन जातात.

"बघते," म्हटलं आणि कपाटावरचे दोन्ही अल्बम खाली काढले. नुसतं घर कुठंच नव्हतं. आत्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या मागं पडवी होती. बाबांनी स्कूटर घेतली तेव्हा स्कूटरमागं निम्मं खळं. माझ्या पाचव्या वाढदिवसाला केकच्या मागं माजघराचं दार, तेही अर्धं. छत्तीस फोटोंचा रोल असायचा, वर्षभर पुरवायचा. त्यातला एक घरावर कोण घालवणार? घर काय कुठं पळून जात होतं?

"मग जोडते मी," मंजू म्हणाली. "तू आहेत तेवढे सगळे पाठव."

मी खिडकीपाशी बसून एकेक पान मोबाइलवर टिपलं. जुन्या अल्बमचा प्लॅस्टिकचा कागद फोटोला चिकटलेला, ओढला तर फोटोचं साल निघणार. त्यामुळं तसेच टिपले, कागदावरच्या चमकेसकट. 38 निघाले. सगळ्यात जुना 1979 चा ब्लॅक अँड व्हाइट, सगळ्यात नवा 1999 चा, कोपऱ्यात नारिंगी तारीख पडलेला.

तिथून रोज रात्री फोन सुरू झाला. आमचे साडेदहा म्हणजे तिचे सात, स्वयंपाकाची वेळ. फोन ओट्यावर उभा करून ती कांदा चिरायची आणि तेवढ्यात मला विचारायची, "वृंदावन पायरीपासून किती लांब?" मी सांगायची, "चार पावलं." "तुझी की माझी?" तेव्हाची पावलं आता कुणाला आठवतायत!

ती आधी फोटोतली माणसं काढायची, मग त्या जागी दुसऱ्या फोटोतली भिंत बसवायची. एकदा सहज म्हणाली, "आज बाबांना काढलं, आता खांब अख्खा दिसतोय." मग दोघीही गप्प. कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तसं नाही गं." मी म्हटलं, "कळलं. खांब सरळ आला का?"

विहिरीवरून मात्र भांडलो. ती म्हणे घराकडं तोंड करून उभं राहिलं की विहीर डावीकडं. मी म्हणे उजवीकडं. माझे खांदे त्या रहाटानं दुखलेत, मला माहीत नसणार? तिनं पुरावा पाठवला, 1986 चा, आई रहाटाशी उभी, विहीर चक्क डावीकडं. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. माझंच डोकं फिरलं की काय असं वाटायला लागलं. मग लक्षात आलं, आईचा पदर उजव्या खांद्यावर होता. आईनं जन्मात कधी उजवा पदर घेतला नाही. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला फोटो! इतकी वर्षं अल्बममध्ये होता आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मंजूला कळवलं तर तिचे हसतानाचे चार चेहरे आले आणि खाली, "हरले. उलटवते."

असं घर तयार होत गेलं. फणस 1988 चा, म्हणजे अजून कौलांच्या खालीच. तुळस 1996 ची. झोपाळ्याची एक कडी नवी, एक जुनी. सावल्यांचा तर सगळा घोटाळा होता. खांबाची सावली सकाळची आणि वृंदावनाची संध्याकाळची. मंजूला ते खटकत होतं. मी म्हटलं, "असू दे, आपल्या घरातलं घड्याळ तरी कुठं कधी बरोबर होतं?"

एक जागा मात्र भरेना. ओटीवर दाराच्या उजवीकडं आजी बसायची, भिंतीला टेकून. लग्न असो, बारसं असो, 38 पैकी जेवढ्या फोटोंत ओटी होती तेवढ्या सगळ्यांत ती तिथंच. आजीला काढलं की तिथं पांढरं भोक.

"मागं काय होतं गं?" मंजूनं विचारलं. "मला नुसती आजीच आठवते."

"कोनाडा. कंदील असायचा, आजीची मिश्रीची डबी आणि आपल्या पेन्सिलींचे तुकडे."

"वरून गोल होता की चौकोनी?"

मी म्हटलं, "आठवून सांगते."

आठवायची काही गरज नव्हती. माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. 2017 मधला, घर पाडायच्या आदल्या दिवशीचा. त्या वेळी मंजू आली नव्हती. तिचं पोर दोन महिन्यांचं होतं, कशी येणार? मीही ये म्हटलं नाही. तिचं मुखत्यारपत्र माझ्याकडं होतं, दोघींच्या सह्या मीच केल्या. तिनं पुढं कधी त्याचं काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी सामान काढून झाल्यावर मी खळ्यात उभी राहून एकच फोटो घेतला. पुढं कुणी नाही, नुसतं घर. मोजणीवाल्यांनी दाराशेजारी लाल रंगानं आकडा घातलेला. दारं, रीपा, कौलं उतरवून झालेली. घर इतकं लहान कसं, हेच मला तेव्हा कळेना.

तिनं पहिल्या दिवशी मागितलेला फोटो तो हाच.

दोन रात्री मी वेळ काढला. तिसऱ्या रात्री त्या फोटोतला कोनाडा तेवढा कापला, लाल रंग येणार नाही असा, आणि पाठवला. वरून गोल, आत कंदिलाची काजळी.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर बऱ्याच वेळानं.

"सुंदर आलाय. कुठं मिळाला?"

"एका पाकिटात होता."

परत बराच वेळ काही नाही. मी मोबाइल उशाशी ठेवून दिवा घालवला, तेवढ्यात वाजला.

"ताई, याच्यावर वरून ऊन पडलंय."

मी उठून बसले.

"ओटीवर वरून ऊन कसं येईल?"

काहीतरी लिहायला घेतलं आणि पुसलं. मग पुन्हा तिचंच आलं.

"कौलं नव्हती का?"

"नव्हती."

"अख्खा फोटो आहे तुझ्याकडं?"

"आहे. एकच."

तिकडं ती लिहीत असल्याचं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं.

"आत्ता नको पाठवू," तिनं लिहिलं. "गणपतीत येते. तेव्हा तुझ्या मोबाइलवरच बघेन."

"बरं."

"सह्या करताना तू एकटीच होतीस?"

"हे होते बरोबर. बाहेर, गाडीत."

त्यावर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत असताना चित्र आलं. विहीर उजवीकडं, फणस लहान, सावल्या दोन दिशांना. कोनाडा बसला होता. त्यावरचं ऊन पुसून तिनं तिथं नेहमीचा काळोख घातला होता आणि वर, पडवीपासून मागच्या पन्हळीपर्यंत, सगळी कौलं होती.