विषय : आपले वैद्यकीय कागद चुकीच्या पत्त्यावर गेल्याबाबत

दि. 14 जुलै 2025, पुणे

सप्रेम नमस्कार,

3 जुलैला स्पीड पोस्टाने पाठवलेले आपले डिस्चार्ज कार्ड आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट दुसऱ्याच रुग्णाच्या घरी गेले. पत्त्यांच्या यादीत एक ओळ सरकली आणि लेबले छापताना ती कोणी पडताळली नाही. चूक सर्वस्वी आमची आहे. आम्ही आपली माफी मागतो.

पाठवलेल्या 38 लिफाफ्यांपैकी 31 परत मिळाले, त्यातले 9 फोडलेले होते. आपला लिफाफा अजून मिळालेला नाही. तो कोणी वाचला असेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि उगाच धीर देण्यात अर्थ नाही. त्यात आपले नाव, वय, मोबाइल क्रमांक, निदान आणि औषधे आहेत. आधार किंवा बँकेचा तपशील नाही.

ज्या घरी तो गेला तिथे आमचा माणूस दोनदा जाऊन आला. घर बंद होते. येत्या शनिवारी तो पुन्हा जाईल. लिफाफा मिळो न मिळो, सोमवारी आपल्याला फोन करू.

या निमित्ताने रुग्णालयाचे नाव सांगून कोणी ओटीपी किंवा पैसे मागितले तर देऊ नका. आम्ही ते फोनवर मागत नाही. असा फोन आलाच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

नवी प्रत तळमजल्यावरील नोंदणी कक्षात विनाशुल्क मिळेल. येताना ओळखपत्र आणा. लेखी तक्रार करायची असल्यास माझ्याकडेच द्या, पोच मिळेल.

आपला,
वैद्यकीय अधीक्षक