१५ जूनपासून शिकवणी वर्गाच्या शुल्कात होणाऱ्या वाढीबाबत पालकांना नम्र निवेदन

सन्माननीय पालकहो, सप्रेम नमस्कार.

वसमत रोड, परभणी येथील आपल्या शिकवणी वर्गाचे मासिक शुल्क शैक्षणिक वर्ष २०२६-२७ साठी वाढवण्याचा निर्णय आम्ही घेतला आहे. सोबतच्या तक्त्यात सर्व आकडे दिलेले आहेत, तरीही ते येथे लिहून देतो, म्हणजे घरातील आजी-आजोबांनाही वाचून दाखवता येतील. इयत्ता पाचवी ते सातवीचे शुल्क दरमहा ५०० रुपयांवरून ६०० रुपये, आठवीचे ६५० रुपयांवरून ७५० रुपये आणि नववी-दहावीच्या गणित व विज्ञान या दोन विषयांचे शुल्क ९०० रुपयांवरून १,०५० रुपये होईल. आपण शुल्क दहा महिन्यांचेच घेतो. त्यामुळे वर्षाकाठी आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्यामागे १,००० रुपयांचा आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यामागे १,५०० रुपयांचा बोजा वाढणार आहे. ही रक्कम किरकोळ आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

जून २०२३ नंतर आपण शुल्कात वाढ केलेली नव्हती. या काळात जागेचे भाडे दोनदा वाढले, झेरॉक्स आणि कागदाचा खर्च चढत गेला आणि मागच्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, कारण ऐन तासाला वीज गेली की पत्र्याच्या छताखाली मुलांना बसवत नाही. एवढाच खर्च असता तर आणखी एखादे वर्ष ओढून नेले असते. वाढीचे खरे कारण शिक्षकांचे मानधन हे आहे. विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम आणि गणिताचे दुसरे सर या दोघांनाही शहरातील मोठ्या क्लासेसकडून अधिक मानधनाची बोलावणी आली होती. मुलांचा लळा म्हणून ते थांबले, परंतु त्यांच्या घरालाही संसार आहे आणि त्यांच्या चांगुलपणावर किती दिवस विसंबावे, हा प्रश्न आमच्यासमोर होता. वाढलेल्या शुल्कातील मोठा भाग या दोघांच्या मानधनासाठीच जाईल.

काही पालकांनी आपुलकीने सुचवले होते की शुल्क तसेच ठेवावे आणि एका तुकडीत २० ऐवजी ३० मुले घ्यावीत. हा मार्ग आम्ही गांभीर्याने विचारात घेतला आणि सोडून दिला. दर शनिवारच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आपल्याकडे शिक्षक स्वतः, ओळ न् ओळ वाचून तपासतात. नववीच्या भूमितीतील सिद्धता केवळ शेवटची ओळ पाहून तपासता येत नाही. विधान बरोबर आहे पण त्यापुढचे कारण लिहायचे राहिले, किंवा त्रिकोण एकरूप दाखवताना कोनांचा क्रम उलटा झाला, हे लाल शाईने त्याच ठिकाणी दाखवावे लागते आणि सोमवारी त्या मुलाला जवळ बसवून पुन्हा लिहून घ्यावे लागते. तीस वह्या झाल्या की हे काम बरोबर-चूक अशा खुणांवर येऊन थांबते. तसे झाले तर आपली मुले शाळा सुटल्यावर आणखी दीड तास कशासाठी बसतात, याला अर्थ उरणार नाही. म्हणून तुकडी २० चीच राहील.

आता सवलतींविषयी. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पेरणीही त्याच वेळी येते, हे आपल्या भागात कोणी कोणाला सांगण्याची गरज नाही. बी-बियाणे, खत आणि वह्या-पुस्तके यांचा खर्च एकदमच अंगावर येतो आणि हातात पैसा मात्र सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर येतो. ज्यांचे घर शेतीवर किंवा शेतमजुरीवर चालते, त्यांनी जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांचे शुल्क दिवाळीनंतर एकत्र दिले तरी चालेल. पाऊस दगा देऊन गेला तर त्यावेळी बसून पुढची मुदत ठरवू; त्यासाठी कोणाच्याही मुलाला वर्गात उभे केले जाणार नाही किंवा शुल्काचा विषय मुलाकडे काढला जाणार नाही. शुल्काचे बोलणे केवळ पालकांशीच होईल.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आणि मुलांना आजी-आजोबांकडे ठेवणाऱ्या कुटुंबांसाठी जुनेच शुल्क राहील. एकट्या आईवर किंवा एकट्या वडिलांवर घर असेल तरीही जुनेच शुल्क लागू होईल. एकाच घरातील दोन मुले वर्गात असतील तर धाकट्याचे शुल्क निम्मे घेतले जाईल. या सवलतींसाठी कसलाही दाखला मागितला जाणार नाही. पालकांनी येऊन सांगितले, एवढे पुरेसे आहे.

सध्या नववी पूर्ण करून दहावीत गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही वाढ लागू नाही. त्यांच्या पालकांनी दोन वर्षांचा हिशेब मनाशी धरून मुलांना येथे घातले आहे आणि बोर्डाच्या वर्षात तो हिशेब मोडणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यांचे शुल्क दहावीची परीक्षा होईपर्यंत ९०० रुपयेच राहील.

आठवीच्या पालकांनी एका गोष्टीकडे आवर्जून लक्ष द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला आपण एनएमएमएस म्हणतो, ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. आपल्या वर्गातील बहुतेक मुले या अटींत बसतात, पण उत्पन्नाचा दाखला वेळेत न निघाल्यामुळे अर्ज राहून जातो. तो दाखला सेतू केंद्रातून पेरणीच्या गडबडीआधीच काढून ठेवावा. या परीक्षेची रविवारची तयारी विनामूल्य घेतली जाईल. मूल निवडले गेले, तर नववीच्या वर्षभराच्या १०,५०० रुपये शुल्काहून अधिक रक्कम त्याच्या स्वतःच्या मेहनतीतून घरात येते, याचे मोल आम्हाला फार वाटते.

शुल्काची पावती दरवेळी मिळेल. ऑनलाइन रक्कम पाठवणाऱ्यांनीही पावती मागून घ्यावी. वर्षाच्या मध्ये गाव बदलावे लागले किंवा अन्य कारणाने वर्ग सोडावा लागला, तर आगाऊ भरलेल्या शुल्कातून उरलेल्या महिन्यांची रक्कम दहा दिवसांच्या आत परत केली जाईल. प्रवेश शुल्क पूर्वीही नव्हते आणि यंदाही नाही. चाचणीच्या प्रश्नपत्रिका व सराव संच यांचे वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत.

रविवार, ३ मे २०२६ रोजी, ऊन उतरल्यावर सायंकाळी साडेसहा वाजता वर्गातच पालकांची बैठक ठेवली आहे. भाडे, मानधन, वीज आणि छपाई यांचा वर्षाचा जमाखर्च त्या दिवशी फळ्यावर मांडू आणि आपल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ. मुलाच्या आईला आणि वडिलांना दोघांनाही येणे जमले तर फार बरे होईल. चारचौघांत अडचण सांगणे ज्यांना नको वाटते, त्यांनी कोणत्याही दिवशी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत येऊन भेटावे. ते बोलणे आपल्यातच राहील. नवे शुल्क ज्यांना परवडणार नाही, त्यांनी मुलाचे नाव काढण्याचा निर्णय आम्हाला भेटण्याआधी कृपया घेऊ नये.

जुन्या विद्यार्थ्यांच्या जागा ३१ मेपर्यंत राखून ठेवल्या आहेत. त्यासाठी आगाऊ रक्कम भरण्याची गरज नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाचे नाव आणि नवी इयत्ता कळवावी. नियमित तास सोमवार, १५ जूनपासून नेहमीच्या वेळेत सुरू होतील.

आपले नम्र,
संचालक व सर्व शिक्षक