प्रशांतच्या कर्जाला जामीन राहण्याआधी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर पाठवलेली हमीपत्राची सहाही पानं मी नीट वाचली. शुक्रवारी काकूचा भाचा प्रशांत तुम्हाला बँकेत घेऊन जाणार आहे, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच कळवते. बँकांच्या वसुलीची प्रकरणं मी रोज चालवते. या कागदातली कलमं कोर्टात कशी वापरली जातात, हे मला चांगलं माहीत आहे.

फोनवर तुम्ही म्हणालात, "बँकेला नुसती ओळखीची सही हवी आहे, कर्ज तर प्रशांतच्या नावावर आहे." बँकेच्या माणसानेही तुम्हाला असंच सांगितलं असेल, पण कागदावर तसं नाही. तिसऱ्या पानावरचं सातवं कलम पुन्हा वाचा: "सदर कर्जाची मुद्दल, व्याज, दंड व वसुलीखर्च यांच्या परतफेडीस मी कर्जदारासह वैयक्तिक व संयुक्तपणे जबाबदार राहीन." याचा सरळ अर्थ असा की प्रशांतने हप्ते थकवले तर बँक सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडेही मागू शकते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ मध्ये जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे असं म्हटलं आहे, करारात वेगळं काही ठरलं असेल तर गोष्ट निराळी. तुमच्या कागदात तसं वेगळं काहीही ठरलेलं नाही.

"आधी प्रशांतची मशिनं विका, मग माझ्याकडे या," असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. कर्जदाराकडची वसुली संपेपर्यंत जामीनदाराला बँकेस थांबायला सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे. व्यवहारात तर वसुली अधिकारी आधी जामीनदाराकडेच वळतो. कर्जदाराचा धंदा बुडालेला असतो, तो फोन उचलत नाही. जामीनदाराचा पगार मात्र दरमहा ठरलेल्या तारखेला जमा होतो.

आता आकड्यांत बघू. कर्ज १२ लाखांचं, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता साधारण २६,७०० रुपये येईल. समजा प्रशांतने १४ हप्ते वेळेवर भरले आणि मग त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले. त्या दिवशी बाकी असेल सुमारे ९ लाख ८० हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांतला बराचसा भाग व्याजात जातो. पुढे वर्षभर काहीच भरलं गेलं नाही तर नुसत्या व्याजानेच हा आकडा ११ लाखांच्या घरात जातो. त्यावर दंड आणि वकिलाचा खर्च वेगळा. म्हणजे सव्वा वर्ष प्रामाणिकपणे फेडलेल्या कर्जासाठीही तुमच्या दारात येणारी मागणी जवळपास मूळ रकमेएवढी असू शकते.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं आणि मग नोटिसा सुरू होतात. ही सहकारी बँक आहे, त्यामुळे तिला दिवाणी दावाच लावायला हवा असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली ती निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते. लोक "१०१ ची नोटीस" म्हणतात ती हीच. त्या अर्जात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात. नोटीस आल्यावर गप्प बसायचं नसतं. तिथे हजर राहून हिशेबावर हरकत घेता येते, पण तारखेला न गेलेल्याचं नंतर फारसं कोणी ऐकत नाही. दाखला निघाला की जप्तीचे अधिकार असलेला वसुली अधिकारी येतो.

कशावर जप्ती येऊ शकते, हे मला जास्त तपशिलात सांगायचं आहे. "घर मी तारण दिलेलं नाही, म्हणून घराला धोका नाही," असं तुम्ही म्हणालात. तारण नसलं तरी तुमच्या नावावरच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. फ्लॅट तुमच्या नावावर आहे. याच बँकेत तुमची ४ लाखांची मुदत ठेव आहे, आणि अकराव्या कलमात "जामीनदाराच्या बँकेतील कोणत्याही ठेवीतून थकबाकी वळती करून घेण्याचा अधिकार" लिहिलेला आहे. ती ठेव मोडायला बँकेला कोर्टात जावं लागणार नाही.

पगाराचं म्हणाल तर दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. तुमच्या ५८,००० पगारावर धरलं तर महिन्याला १९,००० पर्यंत कापले जाऊ शकतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी हे जास्तीत जास्त २४ महिने चालतं. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. पण तुमच्या कागदांच्या शेवटी "पगार कपात संमतीपत्र" म्हणून वेगळं पान जोडलेलं आहे. त्यावर सही केलीत तर बँक कोर्टाची वाट न बघता थेट तुमच्या कार्यालयाला पत्र पाठवेल. कार्यालयात सगळ्यांना कळेल ते वेगळंच. त्या पानावर सही करू नका.

याहून गंभीर गोष्ट चेकची आहे. बँकेने जामीनदाराचे सही केलेले ३ कोरे चेक मागितले आहेत, असं प्रशांतच्या मेसेजमध्ये दिसलं. कोरे चेक काहीही झालं तरी देऊ नका. असा चेक थकबाकीची रक्कम भरून वटवायला टाकला आणि परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तुमच्यावर फौजदारी खटला होऊ शकतो. चेक जामीनदाराचा आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवृत्तीला ४ वर्षं उरलेली असताना हे ओझं कशाला घ्यायचं?

मृण्मयीच्या शैक्षणिक कर्जाचा तुम्ही अजून विचार केलेला दिसत नाही. पुढच्या वर्षी तिच्यासाठी तुम्ही सहकर्जदार असाल. जामीनकी तुमच्या सिबिल अहवालात दिसते. प्रशांत वेळेवर भरत असला तरी मृण्मयीला कर्ज देणारी बँक तुमची ऐपत मोजताना हे १२ लाख विचारात घेऊ शकते, आणि त्याचे हप्ते थकले तर त्याचा डाग तुमच्या अहवालावरही पडतो. तेव्हा तिला कर्ज नाकारलं गेलं, तर त्याचं कारण तिला सांगणं तुम्हाला किती जड जाईल, हे मला माहीत आहे.

नववं कलम लोक वाचतच नाहीत: "बँकेने कर्जदारास दिलेली मुदतवाढ, सवलत किंवा कर्जाच्या अटींतील बदल यामुळे माझी हमी कमी अथवा रद्द होणार नाही." कायद्याने जामीनदाराला एक संरक्षण आहे. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो. या एका वाक्याने ते संरक्षण आधीच सोडून दिलेलं आहे. शिवाय दुसऱ्या पानावर कर्जाच्या रकमेची जागा कोरी आहे. कोऱ्या जागा भरल्याशिवाय पेन उघडूच नका.

दुसरे जामीनदार म्हणून प्रशांतचे एक मित्र आहेत, म्हणून भार निम्मा होईल असं धरू नका. तुम्ही सगळे पैसे भरलेत तर त्यांच्याकडून निम्मे मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण बँकेसमोर दोघेही पूर्ण रकमेला बांधलेले असता. प्रशांतकडून भरलेले पैसे वसूल करण्याचा हक्कही कायदा देतो, आणि पूर्ण फेड केल्यावर मशिनांवरचा बँकेचा तारणहक्क तुमच्याकडे येतो. पण बँकेचं देणं ज्याच्याने भागलं नाही, तो तुमचं कशातून भागवणार? आणि काकूच्या भाच्यावर तुम्ही दावा लावाल, हे मला तरी शक्य वाटत नाही. म्हणून तो हक्क हिशेबात धरू नका. तुमचं काही बरंवाईट झालं, तरी ही जबाबदारी तुम्ही मागे ठेवलेल्या मालमत्तेवर राहते. तीही काकू आणि मृण्मयीच्याच वाट्याची.

प्रशांत प्रामाणिक आहे याबद्दल मला शंका नाही. पण मी पाहिलेली बहुतेक थकीत खाती प्रामाणिक माणसांचीच असतात. येणी अडकतात, घरात आजारपण येतं, भागीदार निघून जातो. म्हणून प्रशांत कसा आहे यापेक्षा, ११ लाख तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरता येतील का, याचा विचार करा. येत असतील आणि ते गेले तरी काकूशी आणि तिच्या माहेराशी संबंध बिघडणार नाहीत अशी खात्री असेल, तर जरूर सही करा. माझ्या मते मात्र सध्या तुम्हाला हे झेपणारं नाही.

तरीही जामीन राहायचं ठरलं, तर बँकेकडे या गोष्टी लेखी मागा. हमी ४ लाखांपुरतीच मर्यादित करावी आणि व्याज, दंड, खर्च त्यातच धरावा. अटी बदलताना किंवा मुदतवाढ देताना तुमची लेखी संमती घ्यावी. एक हप्ता चुकला तरी तुम्हाला पत्राने कळवावं. आणि प्रशांतच्या आयुष्यावर कर्जाएवढा विमा असावा, त्याचा पहिला हक्क बँकेचा. बँका छापील नमुना सहसा बदलत नाहीत, पण रकमेची मर्यादा काही वेळा मान्य होते. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

नाही म्हणायचं असेल तर प्रशांतला टाळू नका, घरी बोलवा. "मृण्मयीच्या कर्जात माझं नाव लागणार आहे, दुसऱ्या कर्जाला मला अडकता येत नाही," एवढं सांगा. ते खरंच आहे. मदत करायचीच असेल तर १ किंवा २ लाख सरळ त्याच्या हातात द्या, परत नाही आले तरी चालेल अशा हिशेबाने. त्याने कर्जाची रक्कम कमी होईल आणि तुमचं नुकसान किती, हे तुम्हाला आजच ठाऊक असेल.

काकूशी मी बोलू का? भाऊ-वहिनींना काय सांगायचं याची तिला काळजी वाटत असेल, आणि नकार माझ्यामुळे आला असं सांगितलंत तरी मला चालेल.

बँकेकडून मंजुरीपत्राची प्रत मागून घ्या आणि गुरुवारी रात्रीपर्यंत मला पाठवा. हमीपत्रात नसलेल्या काही अटी त्यात असतात. ते मी वाचेपर्यंत शुक्रवारचं जाणं पुढे ढकला. चार दिवसांनी कर्ज कुठे जात नाही.

तुमची,
माधवी